ओठांचा चंबू, तीन फूट बाय दोन

४ मार्च, बुधवार

बोलायचं नाही! चौदा दिवस! कुजबुजायचंसुद्धा नाही. "कुजबुजीने घशाला जास्तच ताण पडतो," इति घशाचे डॉक्टर. काल त्यांनी माझ्या स्वरतंतूंवरची गाठ काढली. गाठ साधीच निघाली, जिवाची काळजी नाही. पण आवाज कसा येईल ते पंधराव्या दिवशी तोंड उघडल्यावरच कळणार. "मोठा हॉल पुन्हा गाजवाल की नाही, आज सांगता येत नाही."

मोठा हॉल गाजवणं! तीस वर्षं मी दुसरं केलंय काय? गिरणीचं फाटक असो, ग्रंथालयाचं सभागृह असो, बायकांचा मेळावा असो, मी उभी राहिले की मागच्या रांगेतला झोपलेला माणूस जागा व्हायचा. मला नीट कांदा चिरता येत नाही. बोलता येतं, एवढंच.

म्हणून ही वही. आजवर जे वाटलं ते बोलून मोकळी झाले. आता हाताला कामाला लावते.

५ मार्च, गुरुवार

चष्मेवाला सकाळी चहाबरोबर पाटी घेऊन आला. (चष्मेवाला म्हणजे माझा नवरा. चौकात चष्म्याचं दुकान आहे. ओळख झाली तेव्हापासून मी त्याला हेच म्हणते, लग्नाने त्यात फरक पडलेला नाही.) खरीखुरी लिहायची पाटी! कुठून पैदा केली कोण जाणे.

"आता लग्नाचा फोटो ठरवून टाकू," म्हणाला. "आठ महिने झाले. विषय काढला की तू उभी राहतेस आणि चर्चेचं भाषण होतं. चौदा दिवस विरोधी पक्ष गप्प आहे. सरकार संधी साधणार."

मी पाटीवर लिहिलं — हुकूमशाही!

"ठराव मंजूर," म्हणाला आणि पाटी पुसली.

सासूबाई खुर्चीतून आमच्याकडे टक लावून बघत होत्या. एक्याऐंशी वर्षांच्या, पण नजर कशी — सुईसारखी! मी बोलत असले की त्या माझ्या तोंडावरून डोळा हलवत नाहीत. असा श्रोता मला तीस वर्षांत मिळाला नाही. आज मी गप्प, तर त्यांचा चेहरा उतरल्यासारखा वाटला. म्हणाल्या, "भिंत किती दिवस भुंडी ठेवणार रे? हॉलमध्ये बसलं की दवाखान्यात नंबर लावल्यासारखं वाटतं."

६ मार्च, शुक्रवार

चष्मेवाल्याने वर्तमानपत्रं चिकटवून तीन आकार कापले आणि सोफ्यावरच्या भिंतीला चिकटपट्टीने लावले. सोफा सहा फुटी. दीड फुटी कागद पोस्टाच्या तिकिटासारखा दिसला. पाच फुटी म्हणजे सिनेमाचं पोस्टर! तीन फूट रुंद, दोन फूट उंच — हा बसला. सोफ्याच्या निम्मा. दोन्हीकडे भिंतीला श्वास घ्यायला जागा.

मग उंचीचा वाद. चष्मेवाला म्हणतो, फोटोचा मध्य डोळ्यांच्या रेषेत हवा. कोणाच्या डोळ्यांच्या? तो पावणेसहा फूट, मी पाच फूट एक इंच, आणि सासूबाई तर दिवसभर समोरच्या खुर्चीत बसलेल्या. मी पाटीवर लिहिलं — ज्याला सगळ्यांत जास्त वेळ बघायचंय त्याचे डोळे! मतदान झालं. दोन विरुद्ध एक. कागद वीतभर खाली आला.

उभा फोटो चालणार नाही हेही ठरलं. रुंद सोफ्यावर उभा फोटो म्हणजे बाकावर उभं केलेलं पोर.

७ मार्च, शनिवार

चारशे बारा फोटो! आज सगळे पाहिले. एक हिशेब मांडला आणि तोंडात मारल्यासारखं झालं. चारशे बारापैकी मी दोनशे सत्तरांत आहे. तोंड मिटलेलं — नऊ! त्यातल्या पाचांत डोळेही मिटलेले.

बाकी सगळीकडे मी बोलतेय. सही करताना बोलतेय. घास तोंडात असताना बोलतेय. लोक आहेराची पाकिटं हातात धरून ताटकळलेत आणि मी बोलतेय.

बावन्नाव्या वर्षी लग्न केलं मी. जिने स्टेजवरून लग्नाची लक्तरं काढली, तिने! "बाई, विकेट पडली!" असं, जिच्यासाठी मी सभा गाजवते ती, सगळी संघटना ओरडली तेव्हा त्यांना उत्तर द्यायला म्हणून 'दोन शब्द' बोलायला उठले. चाळीस मिनिटं बोलले. जेवण थंड झालं.

मला मिटल्या तोंडाचा फोटो हवा. दिसण्यापायी नाही. इथे खोटं कशाला लिहू? थोडं दिसण्यापायी. पण खरं कारण दुसरं आहे. समजा आवाज नाहीच आला. तर भिंतीवर ती बाई तोंड उघडून बोलत राहणार, आणि खाली सोफ्यावर मी पाटी घेऊन बसणार. रोज. जन्मभर. नको!

हे पाटीवर नाही लिहिलं.

९ मार्च, सोमवार

तीन उमेदवार उभे राहिले.

पहिला — धाकट्या बहिणीने तिच्या मोबाइलवर काढलेला. मी, चष्मेवाला, सासूबाई, तिघं खदखदून हसतोय, आणि चमत्कार म्हणजे माझं तोंड हसण्यासाठी उघडलंय! मी लगेच मत दिलं. चष्मेवाल्याने दुकानातलं भिंग आणून पडद्यावर धरलं. "हा मोबाइलच्या निरोपातून आलेला फोटो आहे. वाटेत आकसलाय. रुंदीला बाराशे ऐंशी ठिपके. छत्तीस इंचांवर पसरले तर इंचाला पस्तीस. तुझ्या नाकाच्या पायऱ्या होतील, पायऱ्या!" बहिणीला मूळ फोटो मागितला. फोन मागेच पाण्यात पडलाय म्हणे. उमेदवारी रद्द.

दुसरा — फोटोवाल्याने बागेत उभं करून काढलेला. उजेड सुरेख, कडा धारदार, तोंडं मिटलेली. इंचाला एकशे सहासष्ट ठिपके, दोनास तीन हे प्रमाणही अचूक, कुठे कापायला नको. सगळे गुण आहेत, फक्त आम्ही दोघं त्यात नाही. दोन सभ्य अनोळखी माणसं बँकेत कर्ज मागायला आल्यासारखी उभी आहेत. तरी मी पाटीवर लिहिलं — हाच!

तिसरा — मी माईकसमोर, हात वर. बाजूला चष्मेवाला. आतला उजेड कमी, म्हणून फोटोत रव्यासारखे बारीक दाणे आलेत. हात हललेला. आणि तोंड असं उघडं की पडजीभ दिसावी.

"हा," सासूबाई म्हणाल्या आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं.

मी जोरजोरात मान हलवली.

"का गं? तूच आहेस ना ती? बागेतली कोण आहे मला माहीत नाही."

१० मार्च, मंगळवार

आज एक भयंकर आणि फार गमतीची गोष्ट कळली. सविस्तर लिहिते.

सासूबाईंनी दुपारी नेहमीसारख्या टीव्हीवर बातम्या लावल्या. आवाज बंद. मला वाटायचं, माझ्या वाचनात अडथळा नको म्हणून. कसलं काय! चष्मेवाला दुकानात होता. सासूबाईंना चहा हवा का ते विचारायचं होतं, पाटी आत राहिली. मी नुसते ओठ हलवले — श्वास नाही, आवाज नाही. (हे चालतं. डॉक्टरांना चिठ्ठी लिहून विचारलंय.)

"अर्धा कप. साखर कमी," त्या म्हणाल्या.

मी तिथेच उभी. पुन्हा ओठ हलवले — तुम्हाला कसं कळलं?

"दिसतंय की! तुझे ओठ कसे ठसठशीत आहेत. माझा मुलगा पुटपुट्या, त्याचं निम्मं सुटतं. तुझं एक अक्षर सुटत नाही."

कानाचं यंत्र चार वर्षं कपाटात पडलंय. शिट्टी मारतं म्हणे. घरात सगळ्यांना वाटतं, 'थोडं' कमी ऐकू येतं. थोडं नाही, जवळजवळ काहीच येत नाही! म्हणजे आठ महिने मी या बाईंसमोर आवाज चढवला, उतरवला, थांबे घेतले, दर दोन वाक्यांनी टाळी मिळेल अशी जागा ठेवली, आणि त्यांनी त्यातला एक स्वर ऐकलेला नाही. सगळं पाहिलं!

मी इतकी हसले, अर्थात मुकाट्याने, की पोटात कळ आली. त्याही हसल्या. मग दोन तास गप्पा मारल्या आम्ही. या घरात मला आवाज नव्हताच लागत, आणि हे आठ महिने कोणाच्या लक्षातही आलं नाही!

यंत्राची शिट्टी साच्यामुळे असते, कानाचा नवा साचा घेतला की जाते, असं चष्मेवाला संध्याकाळी म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्यांना नेतोय. "न्या," त्या म्हणाल्या, "पण सून बोलायला लागायच्या आधी काढून ठेवीन."

११ मार्च, बुधवार

सासूबाई तिसरा फोटो सोडायला तयार नाहीत. मोबाइल डोळ्यांशी धरून म्हणतात, "यात तू काहीतरी बोलते आहेस. काय ते लहान फोटोत दिसत नाही. मोठा कर म्हणजे सांगते."

चष्मेवाला म्हणाला, "आई, एका फोटोवरून अक्षर कळेल, शब्द कसा कळेल?"

"मग पुढचे-मागचे आण!"

आणि खरंच! फोटोवाले अशा वेळी एकच फोटो काढत नाहीत, बटण दाबून ठेवतात. सेकंदाला पाच-सहा निघतात, त्यातला एक आपल्याला देतात. दुकान बंद करून आम्ही त्याच्या स्टुडिओत गेलो. गडी कुरकुरला, "ताई, चारशे बारा निवडून दिलेत, काढलेत तेवीसशे. बाकीचे बघितलेत तर माझं नाव खराब होईल." मी हात जोडले. मला मुकी बघून तो इतका हादरला की लगेच फोटो साठवलेली डबी शोधायला लागला. लग्नातल्या माझ्या भाषणात उभं राहून त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणे.

सहा फोटो निघाले. एका दमात काढलेले.

१३ मार्च, शुक्रवार

सहाही फोटो त्याने पुस्तकाएवढे छापून दिले. सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले, पत्त्यांच्या डावासारखे.

पहिला — तोंड आ, हाच सासूबाईंचा उमेदवार. दुसरा — ओठ घट्ट मिटलेले. (मिटलेले! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हाच, हाच! पण त्यात माझ्या हाताने चष्मेवाल्याची हनुवटी झाकलीये.) तिसरा — ओठ बाजूंना ताणलेले, हसल्यासारखे. चौथा तसाच. पाचवा अर्धवट उघडा. सहावा — ओठांचा चंबू. शिट्टी मारत असल्यासारखा.

"आ," सासूबाई म्हणाल्या. "मग ओठ मिटलेत. म, प किंवा ब. ओठांवर तिन्ही सारखेच."

"आपण!" चष्मेवाला म्हणाला. "आपण म्हणतेय. दुसरं काय म्हणणार?"

बरोबर होतं त्याचं. माझं सगळं बोलणं त्या एका शब्दावर उभं आहे. नव्या मुलींना बोलायला शिकवते तेव्हा पहिला धडा हाच — 'आम्ही' म्हणू नका. 'आम्ही' म्हटलं की समोर 'तुम्ही' उभा राहतो आणि मधे भिंत. 'आपण' म्हणा. 'आपण'मध्ये समोरचाही येतो. तीस वर्षं हा नियम पाळला. चुकूनसुद्धा मोडला नाही.

मी ठणकावून ओठ हलवले — आपण!

सासूबाईंनी मान हलवली. "नाही. 'आपण' म्हणालीस की तिसऱ्याला ओठ सैल राहतात. आता राहिले ना? इथे बघ, ताणलेत. 'ही.' आ — म् — ही. मग नि. घ. तो." सहाव्या फोटोतल्या चंबूवर त्यांचं बोट थांबलं. "आम्ही निघतो. मला आठवलं की! चाळीस मिनिटं झाली आणि शेवटी म्हणालीस, 'आम्ही निघतो, तुम्ही जेवून घ्या.'"

मी सहाही फोटो पुन्हा एकदा ओळीने पाहिले.

एवढं मोठं भाषण! समता, सोबत, स्वातंत्र्य — सगळं 'आपण'मध्ये. आणि नियम मोडला तो कुठे? निघतो, तुम्ही जेवून घ्या! हॉलभर माणसं भिंतीपलीकडे टाकली आणि अलीकडे उरलो दोघं. मला पत्ताही नाही!

चष्मेवाल्याने सहावा फोटो उचलून भिंगाखाली धरला, मग माझ्याकडे सरकवला. मी माझा चंबू बघत होते. तो म्हणाला, "अगं, तू नाही. बाजूला बघ."

बाजूला तो. पहिल्या पाचांत जेवणाची वाट बघणारा सोशिक माणूस. सहाव्यात — शब्द कानावर पडून जेमतेम सेकंद झाला असेल — असा चेहरा मी त्याचा आठ महिन्यांत पाहिलेला नाही. पाहिला असेल, पण मी तेव्हा बोलत असणार.

तीस वर्षं शिष्यांना सांगत आले, भाषण वक्त्याच्या तोंडात नसतं, श्रोत्याच्या चेहऱ्यावर असतं. आणि दोनशे सत्तर फोटोंत फक्त स्वतःचं तोंड मोजत बसले!

पाटीवर लिहिलं — सहावा.

"चंबू आहे," त्याने आठवण करून दिली.

मी अधोरेखित केलं. दोनदा.

१४ मार्च, शनिवार

स्टुडिओत सहाव्या फोटोची छाननी. फोटोवाला प्रामाणिक माणूस, दोष आधी सांगितले. कॅमेऱ्याने नेम धरला तो माझ्यावर नाही, चष्मेवाल्यावर. त्याच्या चष्म्याच्या दांडीवरचा स्क्रूसुद्धा मोजता येतो. मी मात्र किंचित मऊ. "ताई, भिंतीवर तीन फुटांचा होईल तेव्हा हे दिसणार. धार वाढवून बघतो, पण फार वाढवली तर चेहरा पत्र्याचा दिसेल."

चष्मेवाला हळहळला, "ती धूसर आणि मी स्पष्ट? उलटं झालं की!"

मी लिहिलं — बरोबर झालंय! धार वाढवू नका.

डाव्या कडेला कोणाचं तरी कोपर घुसलंय, ते कापलं. प्रमाण मोडू नये म्हणून वरचं छतही थोडं गेलं. उरले इंचाला एकशे सतरा. सासूबाईंच्या खुर्चीपासून भिंत आठ फूट, तिथून ठिपके कळणार नाहीत. कागद बिनचमकीचा, कारण समोर खिडकी आहे. चमकीच्या कागदावर दुपारभर खिडकीच दिसत राहिली असती. रवा बिनचमकीवर खपून जातो. काचही नको, पातळ लाकडी चौकट पुरे.

चेहऱ्यांची एक पट्टी छापून घेतली, वीतभर रुंद, पण खऱ्या आकारातली. घरी भिंतीला लावून सकाळच्या उजेडात आणि दिव्याखाली पाहायची. स्टुडिओत सगळंच छान दिसतं.

१५ मार्च, रविवार

पट्टी दिव्याखाली पिवळी पडते. फोटोवाल्याला कळवलं, किंचित थंड कर आणि सावल्या थोड्या उजळ.

चंबू खऱ्या आकारात बघितला. देवा! बहीण आली होती, तिला दाखवला, तर ती म्हणाली, "ताई, शिट्टी मारतेयस की चुंबन देतेयस?" सासूबाई म्हणाल्या, "तो म्हणतेय. शेवटचं अक्षर आहे. तुम्हा लोकांना वाचता कसं येत नाही?"

१७ मार्च, मंगळवार

टांगला!

सुतळी नाही, मागे दोन कड्या आणि भिंतीत दोन खिळे, म्हणजे तिरका होत नाही. चष्मेवाल्याने गवंड्याची पाणसळ लावून तीनदा तपासलं. चौथ्यांदा सासूबाईंनी हाकललं.

आठ फुटांवरून बघितलं. आधी माझं तोंड दिसतं. अर्थातच. मग हात. मग नजर त्या हाताच्या रेषेने आपोआप डावीकडे जाते आणि त्याच्या चेहऱ्यावर थांबते. तिथून हलत नाही. बागेतल्या फोटोत ही सोय नव्हती.

उद्या डॉक्टर. भिंतीवरची बाई बोलत राहील, हे माहीत असून मी तिला टांगू दिलं. भीती गेलीय म्हणत नाही. वाटेत बसली आहे, पण तिला ओलांडून जाता येतंय.

१८ मार्च, बुधवार

डॉक्टर म्हणाले, "आ करा." केला. खरखरीत, एक पट्टी खाली, पण माझाच! "मोठे हॉल आता नाहीत," म्हणाले. "माईक, खुर्ची आणि वीस मिनिटं, बस. घरचा हॉल मात्र आरामात पुरेल."

नव्या साच्याचं यंत्र कानात घालून सासूबाई भिंतीकडे तोंड करून, फोटोसमोर बसल्या होत्या. मी दारातूनच म्हटलं, "आम्ही आलो."

वळून न बघता त्या म्हणाल्या, "असा आहे होय तुझा आवाज!"